मुकादमबाईंची शुल्कमाफी

मुकादमबाईंचा आवाज मोठा होता. तो का मोठा होता हे ज्याला माहीत नाही, त्याला वाटायचं बाई सदानकदा भांडतायत. खरं म्हणजे त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईघरात गेली होती. माणूस आत उभा राहील एवढी मोठी कपडे धुण्याची पिंपं तिथं दिवसभर घरघरत, पलीकडे वाफेच्या रोलरमधून चादरी सरकत, आणि त्या गदारोळात कुणाला ‘अगं, इकडे ये’ म्हणायचं तरी छाती फोडून म्हणावं लागे. हळूहळू घसा तसाच बनून गेला. देवाच्या दारात उभ्या राहिल्या असत्या तरी त्यांनी ओरडूनच मागणं मागितलं असतं.

पण त्या भांडत नसत असंही नाही. रक्ताचे डाग नीट न भिजवता चादरी पाठवणाऱ्या वॉर्डशी त्या भांडत, साबण पातळ करून देणाऱ्या पुरवठादाराशी भांडत, आणि घरी आल्यावर सुनेशी भांडत. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. लग्नाआधी ती कुठल्याशा विमान कंपनीच्या ग्राहक सेवेत होती, एवढंच मुकादमबाईंना ठाऊक. ‘फोनवर गोड गोड बोलायचं काम’ म्हणून त्यांनी ते एका वाक्यात निकालात काढलं होतं, आणि सुनेनंही पुढं कधी त्याचा विषय काढला नव्हता. मुलगा ट्रक चालवायचा. महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. त्यामुळे घरात या दोघीच, आणि दोघींच्या मध्ये एक धुसफूस.

त्या दिवशी दुपारी धुलाईघरात मुकादमबाई ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांचे गठ्ठे मोजून घेत होत्या, तेव्हा खिशातला फोन थरथरला. परदेशात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा मेसेज होता. भावाला सगळे बारक्या म्हणत, पन्नाशी जवळ आली तरी. बारक्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मुकादमबाई त्याला आपली एक देणार होत्या. सगळ्या तपासण्या होऊन जुळणी पक्की झाली होती, तारीख ठरली होती, जाण्यायेण्याचं तिकीटही काढून झालं होतं. जायला अजून तीन आठवडे होते.

मेसेजमध्ये लिहिलं होतं : ‘ताई, डायलिसिसची नळी सारखी बंद पडतेय. डॉक्टर म्हणतात थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन अलीकडे घेतलंय. शेवटच्या तपासणीसाठी तुम्ही पुढच्या गुरुवारी इथं पाहिजेत. हॉस्पिटलचं पत्र ईमेलनं पाठवलंय. जमेल ना?’

जमेल ना काय! मुकादमबाईंनी गठ्ठा तिथंच टाकला. चादरींच्या कोठीत जाऊन दार लावलं, कारण तिथं जरा आवाज कमी येई, आणि तिकिटावरचा नंबर फिरवला.

आधी यंत्र बोललं. भाषेसाठी एक दाबा, नव्या बुकिंगसाठी दोन दाबा, बदलासाठी तीन. तीन दाबलं. मग वाद्यं वाजू लागली. मधूनमधून एक बाई येऊन सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा वाद्यं. महत्त्वाचा आहे तर घ्या की मग, असं मुकादमबाई त्या रेकॉर्डिंगलाच दोनदा म्हणाल्या. शेवटी एक मुलगी आली. तिनं नाव विचारलं, सहा अक्षरांचा बुकिंग क्रमांक विचारला, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली,

“मॅडम, मी आपली अडचण समजू शकते. आपलं तिकीट बचत भाड्यातलं आहे. तारीख बदलता येईल, पण बदलशुल्क लागेल, आणि त्या दिवशीच्या भाड्यातला फरक.”

“शुल्क कशाचं? विमान तुमचंच, खुर्ची तुमचीच, बसणारी बाई तीच. फक्त आधी बसणार. त्यात तुमचं काय झिजतं?”

“मॅडम, तो नियम आहे.”

“अहो, पण ऑपरेशन अलीकडे आलंय! मी काय हौसेनं तारीख बदलतेय?”

“मॅडम, कृपया आवाज चढवू नका.”

“मी आवाज चढवलाच नाहीये!” मुकादमबाई म्हणाल्या, आणि खरोखरच तो त्यांचा रोजचा आवाज होता. पण पुढचं वाक्य मात्र त्यांनी चढवलं. “तुमच्या घरात कुणी आजारी पडत नाही का गं? का तुम्हाला माणसं नसतातच, नुसते नियमच असतात?”

“मॅडम, असंच बोलणार असाल तर मला कॉल बंद करावा लागेल.”

“कर की! कर!”

तिनं केला.

मुकादमबाई कोठीत चादरींच्या थप्प्यांमध्ये उभ्याच राहिल्या. बाहेर रोलरवर काम करणारी उंच बाई, जिला सगळे लंबू म्हणत, तिनं दार ढकलून विचारलं, “कुणाशी भांडलात?” मुकादमबाई म्हणाल्या, “विमानाशी.”

दुसऱ्यांदा लावला तर एक मुलगा आला. तो फारच गोड होता. म्हणाला, आत्ता लगेच करून देतो, शुल्क आणि फरक मिळून कार्डावरून भरा, आणि मग वेबसाइटवर शुल्कमाफीचा अर्ज करा, ते बघतील. मुकादमबाईंनी पर्समधून कार्ड काढलंसुद्धा. पण धुलाईघरात एवढी वर्षं पुरवठादारांशी हुज्जत घातलेली बाई ती. आधी पैसे, मग बघू, हे ऐकलं की त्यांच्या डोक्यात घंटा वाजायची. “मी विचारून सांगते,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न होता. मुलाला फोन लावला तर तो घाटात होता आणि रेंज तुटत होती. ‘हिला विचार ना, तिनं तेच काम केलंय,’ एवढं एक वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मुकादमबाईंनी आधी विचारलं नाही. चपला काढल्या त्या आपटून काढल्या, पातेलं आपटून ठेवलं, आणि टेबलाशी बसून फोनवर कंपनीच्या चॅटमध्ये स्वतःच टाइप करायला लागल्या. समोर भाजी चिरत बसलेली सून मान वर करून त्यांच्या बोटाकडे बघू लागली. मग म्हणाली,

“आई, काय लिहिताय ते दाखवा. पाठवू नका अजून.”

“का? तू तपासणार?”

“हो.”

मुकादमबाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला. लिहिलं होतं : ‘तुम्ही लुटारू आहात. दोन महिन्यांपूर्वी माझं विमान तुम्ही तुमच्या मर्जीनं हलवलंत, मला मधल्या विमानतळावर रात्रभर बाकावर बसवणार आहात, तेव्हा मी तुमच्याकडून दंड मागितला का? आणि माझा भाऊ मरायला टेकलाय तर तुम्ही माझ्याकडून दंड घेणार? तुमच्या मालकाला लाज वाटत नाही का?’

सुनेनं सुरी खाली ठेवली. “विमान हलवलं म्हणजे? कुणी हलवलं?”

“दोन महिने मी हेच सांगतेय या घरात! दुसरं विमान आधी दोन तासांनी होतं, ते केलं दुसऱ्या दिवशी सकाळी. ईमेल आली होती. तुझं लक्ष कुठं असतं मी बोलते तेव्हा?”

“तुम्ही बोलत नाही आई, तुम्ही ओरडता. मग माणूस ऐकणं बंद करतो,” सून म्हणाली. तिचाही आवाज आता घट्ट झाला होता. “ईमेल दाखवा. त्यात ‘स्वीकार करा’ असं बटण होतं का? ते तुम्ही दाबलंत का?”

“मी कशाला दाबू? मला मान्यच नव्हतं ते.”

“आणि तिकीट कंपनीच्या साइटवरूनच काढलं होतं ना? एजंटाकडून नाही?”

“तुझ्या नवऱ्यानंच काढलं, याच टेबलाशी बसून.”

“मग ठीक आहे. एजंटाकडचं असतं तर यांनी हात झटकले असते, त्यालाच विचारा म्हणून.” सुनेनं मघाचा मजकूर पुन्हा वाचला. “यात एकच वाक्य कामाचं आहे, आणि ते तुम्ही शिव्यांच्या मध्ये गाडून टाकलंय. विमान त्यांनी हलवलं. तिथून सुरुवात करायची. भाऊ त्यानंतर. लाज कुणाला वाटते ते लिहायचंच नाही.”

“का नाही? खरं आहे ते.”

“खरं असेल. पण पलीकडे मालक नसतो बसलेला. पलीकडे माझ्यासारखी एक मुलगी असते, एका वेळी तीन-चार जणांशी चॅट करत. ती पहिल्या दोन ओळी वाचते. शुल्क माफ करायचा अधिकार बहुतेक वेळा तिला नसतोच. ती फक्त वर विचारू शकते, आणि विचारताना कारण लिहावं लागतं. तुम्ही तिला ते कारण तयार करून द्यायचं, तिनं नुसतं उचलून चिकटवावं असं. ‘लुटारू’ हा शब्द ती कुठं चिकटवणार?”

हे मुकादमबाईंना पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच जास्त राग आला होता.

“आणि शुल्क वेगळं, फरक वेगळा,” सून पुढं म्हणाली. “शुल्क म्हणजे बदल केल्याचा दंड. तो सोडणं त्यांच्या हातात असतं. फरक म्हणजे त्या दिवशीच्या खुर्चीचा भाव. तो सहसा सुटत नाही. दोन्ही एकदम मागितलं की दोन्हीला नाही म्हणतात. आणि पैसे आधी भरायचे नाहीत. एकदा भरले की माफी नाही, मग परताव्याची तक्रार होते, आणि ती महिनोन्महिने फिरते. तुम्ही कार्ड दिलं नाहीत हे उत्तम केलंत.”

आपली सून आपल्याला ‘उत्तम केलंत’ म्हणाली हे मुकादमबाईंच्या लक्षात आलं, पण त्यावर काय करायचं ते त्यांना कळेना. म्हणून त्यांनी भाजीची ताटली स्वतःकडे ओढली आणि उरलेली चिरायला लागल्या.

सून लिहू लागली. लिहिता लिहिता थांबली. “दाता तुम्ही आहात हे लिहायला लागेल.”

“नाही.”

“आई—”

“नाही म्हणते ना! ‘भावाचं ऑपरेशन’ एवढं पुरे. मी माझी किडनी त्या लोकांपुढे मांडून, बघा हो बघा, आता तरी दंड सोडा, असं करणार नाही. मी भीक मागत नाहीये.”

“भीक नाही ती. ऑपरेशनला भेटायला जाणारे शंभर नातेवाईक रोज लिहितात. ते सगळे थोडे उशिरा गेले तरी चालतं. तुम्ही नसलात तर ऑपरेशनच होणार नाही. हा फरक कागदावर आला पाहिजे. एका वाक्यात. रडायचं नाही, सजवायचं नाही.”

“तुला बरं सगळं माहीत!”

“हो, माहीत आहे!” सून एकदम उसळली. इतक्या वर्षांत ती असं बोलली नव्हती. “तीन वर्षं मी तिथं बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. आईवरून, बापावरून. एकानं मला सांगितलं होतं, तू मेलीस तरी चालेल. आणि मी काय म्हणायचं? ‘मी आपली अडचण समजू शकते.’ दुसरं काही बोलायची परवानगी नव्हती. आणि त्या कामाला तुम्ही सगळ्या पाहुण्यांपुढे गोड गोड बोलायचं काम म्हणता!”

मुकादमबाईंच्या ओठांवर ‘मग कशाला केलंस’ असं आलं होतं. ते त्यांनी गिळलं. दुपारच्या त्या मुलीला आपण काय बोललो ते त्यांना आठवलं, आणि ते आठवणं त्यांना अजिबात आवडलं नाही. “लिही,” त्या शेवटी म्हणाल्या. “एकच वाक्य.”

सुनेनं लिहिलं ते असं :

‘नमस्कार. बुकिंग क्रमांक सोबत आहे, प्रवासी एक. आपण माझ्या दुसऱ्या विमानाची वेळ बदलल्यानं मधला थांबा दोन तासांऐवजी रात्रभराचा झाला आहे. हा बदल मी स्वीकारलेला नाही. दरम्यान माझ्या भावाच्या किडनी प्रत्यारोपणाची तारीख अलीकडे आली आहे. दाता मी आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत मला तिथं पोहोचणं आवश्यक आहे. हॉस्पिटलचं पत्र जोडते.

विनंती : मंगळवारच्या सकाळच्या विमानानं, याच वर्गात, तिकीट बदलून द्यावं आणि बदलशुल्क माफ करावं. त्या विमानात जागा असल्याचं आपल्या साइटवर दिसतं आहे. भाड्यात फरक येत असल्यास पैसे घेण्याआधी तो वेगळा दाखवावा. हा निर्णय आपल्या अधिकारात नसेल तर विनंती सुपरवायझरकडे पाठवून मला प्रकरण क्रमांक द्यावा. नवं तिकीट निघेपर्यंत जुनं रद्द करू नये.’

मुकादमबाईंनी दोनदा वाचलं. “यात राग कुठाय?” त्यांनी विचारलं.

“‘स्वीकारलेला नाही’ यात आहे,” सून म्हणाली.

चॅट उघडलं तर आधी यंत्रच बोलायला आलं. त्यानं आनंदी चेहऱ्याचं चित्र काढून विचारलं, आज मी आपली काय मदत करू? बदल म्हटलं की ते नियमांचं पान दाखवी, माफी म्हटलं की तेच पान. सुनेनं तीनदा ‘प्रतिनिधीशी बोलायचं आहे’ असं टाकलं, तेव्हा कुठं माणूस मिळाला. मजकूर चिकटवला, पत्र जोडलं. उत्तर आलं : ‘आमच्या नोंदीनुसार वेळेतला बदल आपण स्वीकारला आहे. त्यामुळे नेहमीचे नियम लागू होतील.’

“खोटं!” मुकादमबाई कडाडल्या. शेजारच्या घरातला रेडिओ हळू झाला. “साफ खोटं बोलतायत! दे इकडे फोन!”

“थांबा—”

“दे म्हणते!”

फोन मुकादमबाईंच्या हातात गेला, सुनेनं तो परत ओढला, मुकादमबाई म्हणाल्या, माझं तिकीट, माझा भाऊ, माझी किडनी, सून म्हणाली, मग तुमचं तुम्हीच बघा. ती उठून गॅलरीत गेली. मुकादमबाई पाठोपाठ गेल्या आणि तिथं दोघींनी एकमेकींचे सगळे जुने हिशोब काढले : लग्नातलं बोलणं, गेल्या वर्षीचं आजारपण, दुकानातून उशिरा येणं, न विचारता बदललेले पडदे. बोलून बोलून दमल्यावर आत आल्या, तर फोनच्या पडद्यावर लिहिलं होतं : ‘बराच वेळ उत्तर न आल्यानं हे संभाषण बंद करण्यात आलं आहे. आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.’

मुकादमबाई त्या ताऱ्यांकडे बघत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं पाणी ते. लंबूनं पाहिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

सूनही बसली. समजूत वगैरे काढली नाही. म्हणाली, “मजकूर आहे ना आपल्याकडे. पुन्हा चिकटवू. आता मी लिहिते, तुम्ही सांगा. पण हळू.”

या वेळी दुसराच कुणी आला. त्यानंही तेच म्हटलं, बदल स्वीकारलेला आहे. मुकादमबाई दात आवळून म्हणाल्या, “विचार त्याला. कुणी स्वीकारला? कधी? कुठल्या मार्गानं?” साबण पातळ करणाऱ्या पुरवठादाराला त्या असंच विचारत. सुनेनं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली एक ओळ जोडली : ‘ईमेलमधलं बटण मी दाबलेलं नाही. कृपया नोंद तपासावी.’

बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले. सून मधूनमधून ‘मी इथंच आहे’ असं टाकत होती, पुन्हा बंद पडू नये म्हणून. मग उत्तर आलं : ‘तपासलं. ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यानं नोंद आपोआप पुढं गेली आहे. प्रवाशाची संमती दिसत नाही. विनंती सुपरवायझरकडे पाठवत आहे.’ आणि खाली प्रकरण क्रमांक.

“आपोआप!” मुकादमबाई म्हणाल्या. “म्हणजे मी गप्प बसले तर हो, आणि बोलले तर आवाज चढवू नका.”

सुनेला हसू आलं, पण तिनं ते भाजीकडे बघून लपवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच चॅटमध्ये आलं. वेळ बदलल्यामुळे फुकट बदल मूळ तारखेच्या आसपास काही दिवसांतच मिळतो, तुमची नवी तारीख त्याबाहेर आहे, तरीही जोडलेलं पत्र पाहून अपवाद म्हणून बदलशुल्क माफ करत आहोत. भाड्यातला फरक भरावा लागेल. सोबत पैसे भरायची लिंक. मुकादमबाईंनी धुलाईघरातूनच सुनेला फोन लावला. “झालं! भरू का?”

“आकडा फोडून दाखवलाय का बघा. फरक किती, शुल्क किती?”

मुकादमबाईंनी चष्मा लावून पाहिलं. शुल्क तिथंच बसलेलं होतं. माफ केलंय असं वरच्या ओळीत, आणि खालच्या ओळीत बेरजेत धरलेलं.

या वेळी मुकादमबाईंना सुनेची वाट बघवली नाही. चादरींच्या कोठीत बसून त्यांनी स्वतःच लिहिलं, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत : ‘तुमच्या सुपरवायझरनं शुल्क माफ केल्याचं याच चॅटमध्ये लिहिलं आहे. लिंकमध्ये ते धरलेलं आहे. कृपया नवी लिंक द्यावी. मी ही भरणार नाही.’ शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी अंगठ्यानं फोन एवढा दाबला की नख पांढरं पडलं. नवी लिंक आली. फरक भरला. संध्याकाळी सुनेनं ईमेल उघडून तपासलं : नुसती नवी तारीख पडून भागत नाही, तिकीट नव्यानं निघालं पाहिजे, नवा तिकीट क्रमांक आला पाहिजे, आणि जातानाच्या दोन्ही विमानांपुढे ‘निश्चित’ असं पाहिजे. होतं. चॅटचा सगळा मजकूर तिनं स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवला.

मंगळवारी सकाळी मुकादमबाई गेल्या. विमानतळावर सून सोडायला आली होती. दाराशी सून म्हणाली, “तिकडे डॉक्टरांशी भांडू नका.” मुकादमबाई म्हणाल्या, “त्यांनी भांडण्यासारखं केलं नाही तर नाही भांडणार.”

ऑपरेशन झालं. बारक्याला बहिणीची किडनी मानवली. ती बसवल्या बसवल्या काम करायला लागली म्हणे, आणि डॉक्टर म्हणाले, फार जोरकस आहे. बारक्या म्हणाला, असणारच. पण मुकादमबाईंच्याच जखमेत पू झाला, ताप आला, आणि परतीची तारीख जवळ आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, अजून काही आठवडे विमानात बसायचं नाही.

पुन्हा तिकीट, पुन्हा शुल्क. भावजय म्हणाली, ताई, भरून टाकू या, कशाला डोक्याला त्रास. मुकादमबाई उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, फोन दे. आता त्यांना रीत माहीत होती. बुकिंग क्रमांक, काय झालं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नेमकं काय पाहिजे, अधिकार नसेल तर वर पाठवा. एकही शिवी नाही. वाक्यन् वाक्य नीट.

उत्तर आलं : नाही. अपवाद एकदा दिला आहे. पुन्हा देता येणार नाही.

मुकादमबाईंनी सुपरवायझरकडे पाठवायला लावलं. तिथूनही नाही. आणखी एकदा वेगळ्या प्रतिनिधीकडे मांडून पाहिलं. नाही. सुनेला फोन केला. ती म्हणाली, “मजकूर बरोबर आहे आई. बरोबर लिहूनही कधीकधी नाहीच म्हणतात. तारीख उलटायच्या आत बदलून घ्या, नाहीतर ते तिकीटच बुडेल. आता भरा, आणि तक्रार विभागाकडे लेखी पाठवा.” मुकादमबाईंनी भरले. भरताना टाके दुखेपर्यंत चरफडल्या. बारक्या खोलीत आला तर त्याच्यावरच ओरडल्या, तू आजारी पडायचंच कशाला! बारक्या शेजारी बसून त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं करत राहिला.

घरी परतल्यावर धुलाईघरात त्यांना जड उचलायची मनाई झाली. एका स्टुलावर बसून त्या नुसत्या ओरडून काम करवून घ्यायला लागल्या, आणि ते आधीपेक्षा जास्त चांगलं होऊ लागलं असं लंबू म्हणायची. घरी सुनेशी भांडणं चालूच राहिली, पडदे होते तेच राहिले. एवढं मात्र झालं, की पाहुण्यांपुढे सुनेच्या जुन्या कामाचा विषय निघाला की मुकादमबाई म्हणत, “फार घाण काम ते. माझ्यासारख्या बायका फोन करायच्या तिला.” सून ते ऐके आणि आत जाई.

तक्रारीचं उत्तर बऱ्याच महिन्यांनी आलं, जेवणाच्या सुट्टीत. मुकादमबाईंनी डबा बाजूला सारून ते सगळ्याजणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. सद्भावनेपोटी आम्ही भरलेल्या शुल्काच्या निम्म्या रकमेचं कूपन देत आहोत. ते आमच्याच विमानांसाठी, एका वर्षाच्या आत वापरावं. हस्तांतर करता येणार नाही.

“एका वर्षाच्या आत!” मुकादमबाई गरजल्या, आणि पिंपं चालू असूनही तो आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. “म्हणजे आता यांच्या कूपनासाठी मी दुसरी किडनी काढून देऊ का?”

बायका पोट धरून हसल्या. मुकादमबाई नाही हसल्या. त्यांनी डबा बंद केला, चष्मा पुसला, स्टूल दिव्याच्या उजेडात ओढलं आणि एका बोटानं उत्तर लिहायला बसल्या. ‘नमस्कार,’ त्यांनी लिहिलं. ‘प्रकरण क्रमांक सोबत आहे.’